किती चुकले ते नंतर, काय लिहिलं ते आधी

पत्र : मी सहावीला गणित शिकवते. वर्गात ३६ मुलं आहेत. मागच्या आठवड्यात दशांश अपूर्णांकांची १२ प्रश्नांची चाचणी घेतली. सर्वांत जास्त चुकलेले प्रश्न चार निघाले : १२ वा २४ जणांचा, ५ वा १९ जणांचा, ८ वा १८ जणांचा आणि ७ वा १७ जणांचा. पुढचा घटक सुरू करण्याआधी माझ्याकडे एकच तास आहे, ४० मिनिटांचा. आधीच्या चाचणीनंतर मी चुकलेले सगळे प्रश्न फळ्यावर सोडवून दाखवले होते. मुलांनी वहीत उतरवूनही घेतले. पण आकडे बदलून दिले तर पुन्हा तशाच चुका. या वेळी एका तासात हे चारही प्रश्न कसे बसवू? प्रश्नपत्रिका आणि सगळ्या उत्तरपत्रिकांचे फोटो सोबत पाठवते आहे.

उत्तर :

नमस्कार मॅडम,

चारही बसवायचे नाहीत. १२ वा आणि ७ वा बाजूला ठेवा. ५ वा आणि ८ वा हे कागदावर दोन प्रश्न असले, तरी तुमच्या वर्गापुरती ती एकच चूक आहे आणि तिला अख्खा तास द्या. असं का म्हणते, ते तुमच्याच उत्तरपत्रिकांमधून दाखवते.

फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत. किती जणांचा प्रश्न चुकला एवढ्यावरून तास आखता येत नाही. मी एका मोठ्या कागदावर तक्ता केला. उभ्या बाजूला मुलं, एकूण गुणांच्या उतरत्या क्रमाने. आडव्या बाजूला प्रश्न. उत्तर बरोबर असेल तर चौकट कोरी सोडली. चुकलं असेल तिथे फुली न मारता मुलाने लिहिलेलं उत्तर जसंच्या तसं लिहिलं, आणि काहीच लिहिलेलं नसेल तिथे आडवी रेघ ओढली. करायचं ते एवढंच. फुल्यांचा तक्ता सगळ्या चुकांना एकसारखं दाखवतो. उत्तरं लिहिलेल्या तक्त्यात मात्र एखाद्या रकान्यात तोच आकडा खाली खाली येत राहतो आणि लगेच नजरेत भरतो. तुम्हीही तपासतानाच असा तक्ता भरत गेलात तर वेगळा वेळ लागणार नाही. सगळे प्रश्न नकोत, निम्म्या वर्गाचे चुकलेले तेवढेच घ्या.

आता १२ वा प्रश्न. ५.२ मीटर दोरीतून १.७५ मीटरचा तुकडा कापला, किती दोरी उरली? २४ जणांचा चुकला म्हणून तो यादीत पहिला आला. पण त्या २४ पैकी १३ जणांनी काहीच लिहिलेलं नाही. हा शेवटचा प्रश्न होता. या १३ पैकी ९ जणांचा ११ वा प्रश्नही कोरा आहे किंवा अर्धवट सुटला आहे. म्हणजे मुलं तिथवर पोचलीच नाहीत. त्यांना वजाबाकी येते की नाही, हे या कागदावरून कळण्याचा मार्ग नाही आणि जे कळलंच नाही त्यावर तास घालवण्यात अर्थ नाही. हा प्रश्न तसाच्या तसा एखाद्या दिवशी तासाच्या सुरुवातीला पाच मिनिटं द्या, एकटा. मग खरं चित्र दिसेल. उरलेल्या ११ जणांनी सोडवायचा प्रयत्न केला आहे. त्यातल्या पाच जणांचं उत्तर ३.५५ आहे. त्याकडे मी परत येणार आहे.

७ वा प्रश्न आहे '४.०७ मधील ७ ची किंमत लिहा.' तुम्हाला ०.०७ किंवा सात शतांश हवं होतं. १७ जणांचा चुकला. त्यात दोघांनी सोडून दिला आणि बाकी १५ जणांनी चक्क '७' लिहिलं. एवढ्या मुलांचं एकच चुकीचं उत्तर म्हणजे पक्का गैरसमज, असं पहिल्यांदा वाटतं. पण एकूण गुणांत पहिले आलेले दहा आणि शेवटचे दहा बाजूला काढून पाहिलं तर गोष्ट उलटते. शेवटच्या दहांपैकी सहा जणांचं उत्तर बरोबर आहे, पहिल्या दहांपैकी फक्त चौघांचं. हुशार मुलं जास्त चुकली आणि बाकीची कमी, असं दिसलं की मुलांना बोल लावण्याआधी प्रश्न पुन्हा वाचावा. ७ ची दर्शनी किंमत ७ आणि स्थानिक किंमत ०.०७. तुम्ही नुसतं 'किंमत' विचारलंत, म्हणून ७ लिहिणारं मूलही चूक नाही. त्या १५ जणांना गुण द्या, वर्गात दोन मिनिटांत कारण सांगा आणि तासाच्या शेवटी घ्यायच्या छोट्या लेखी चिठ्ठीत 'स्थानिक किंमत' असा स्पष्ट शब्द घालून विचारा.

वरच्या आणि खालच्या गटाची ही तुलना मोठ्या परीक्षांमध्ये रीतसर करतात. तिथे साधारण वरचे २७ टक्के आणि खालचे २७ टक्के विद्यार्थी घेण्याची पद्धत आहे. तुमच्या ३६ मुलांत ते दहाच्या आसपास येतं, म्हणून मी दहा घेतले. मात्र इतक्या लहान गटात एखाद्या मुलाच्या फरकाला काही अर्थ नसतो. सहा विरुद्ध पाच दिसलं असतं तर मी काहीच म्हटलं नसतं. इथेही आकड्यांनी फक्त संशय निर्माण केला. खात्री प्रश्नाचे शब्द वाचल्यावरच झाली.

आता खरा मुद्दा. ५ वा प्रश्न : ०.६, ०.४५ आणि ०.३५८ यांतली सर्वांत मोठी संख्या कोणती? १९ चुकले, त्यांतल्या १६ जणांनी ०.३५८ लिहिलं आणि तिघांनी ०.४५. ८ वा प्रश्न : २.४ + ०.३५. १८ चुकले, त्यांत १३ जणांचं उत्तर २.३९, तिघांचं ०.५९, दोघांचं आणखी वेगळं. तक्त्यात मुलागणिक पाहिलं तर २.३९ लिहिणाऱ्या १३ पैकी ११ जणांनीच ५ व्यात ०.३५८ निवडलं आहे. ही मुलं निष्काळजी नाहीत, त्यांचा एक ठाम नियम आहे आणि तो ती इमानदारीने पाळत आहेत. त्यांच्या मते दशांश चिन्हाच्या उजवीकडे दुसरी एक पूर्ण संख्या बसलेली असते. ३५८ हा ४५ पेक्षा आणि ६ पेक्षा मोठा, म्हणून ०.३५८ मोठी. आणि ४ व ३५ मिळून ३९, म्हणून २.३९.

०.५९ लिहिणाऱ्या तिघांचं कच्चं काम पाहा. त्यांनी २.४ आणि ०.३५ उजव्या कडेला जुळवून मांडले, पूर्ण संख्या मांडतात तसे. १२ व्यातल्या त्या ३.५५ चं मूळही जवळचंच आहे. ५.२ मध्ये शतांशाची जागा रिकामी दिसली, म्हणून खालचे ५ तसेच उतरवले आणि पुढची वजाबाकी नीट केली. ५.२ म्हणजेच ५.२० हे त्यांना जाणवलेलं नाही. त्या पाचपैकी चौघं ५ व्यात किंवा ८ व्यातही याच चुकीत आहेत.

तेव्हा तास ठेवायचा तो या १८ मुलांसाठी : ०.३५८ निवडणारे १६, २.३९ लिहिणारे १३, दोन्हींत असलेले ११ एकदाच धरून. निम्मा वर्ग झाला. विषय एकच, दशांश चिन्हानंतरच्या प्रत्येक जागेची किंमत किती.

पण त्याआधी एक अडचण आहे, आणि ती या चाचणीतून दिसणारी नाही. ५ वा प्रश्न १७ जणांचा बरोबर आला. त्या सगळ्यांना समजलं आहे असं धरू नका. काही मुलांचा नियम बरोबर उलटा असतो. शतांश दशांशापेक्षा लहान आणि सहस्रांश त्याहून लहान, हे त्यांनी नीट ऐकलेलं असतं. त्यावरून ती ठरवतात की जितके जास्त अंक तितकी संख्या लहान. अशा मुलाला ०.६, ०.४५, ०.३५८ दिल्या की ते ०.६ च निवडतं आणि पूर्ण गुण मिळवतं. तुमच्या प्रश्नपत्रिकेत जास्त अंकांची संख्या खरोखर मोठी आहे, अशी एकही तुलना नाही. त्यामुळे ही मुलं तुमच्या तक्त्यात कोऱ्या चौकटीत लपली आहेत.

म्हणून आदल्या दिवशी तासाच्या शेवटी पाच मिनिटांची एक चिठ्ठी घ्या. गुण नाहीत, फक्त नाव. तीन जोड्या द्यायच्या : ०.६ व ०.४५, ०.३ व ०.७२ आणि ०.५ व ०.५०. मोठी असेल तिला गोल, सारख्या असतील तर मध्ये बरोबरचं चिन्ह, आणि खाली एका ओळीत 'कसं ठरवलं'. पहिली चुकली आणि दुसरी बरोबर आली, तर मूल जास्त अंकांना मोठं मानतं. पहिली बरोबर आणि दुसरी चुकली, तर उलट्या नियमाचं. तिसऱ्या जोडीत पहिल्या प्रकारचं मूल बहुधा ०.५० ला गोल करेल, दुसऱ्या प्रकारचं ०.५ ला. पहिल्या दोन्ही बरोबर आणि तिसरी चूक, असंही दिसेल. त्या मुलांना तुलना जमते, पण रिकामी जागा म्हणजे शून्य हे अजून पटलेलं नाही. या चिठ्ठ्या संध्याकाळी तीन ढिगांत लावायला फारसा वेळ लागत नाही आणि तासाला कोणाकडे पाहायचं ते पक्कं होतं. 'कसं ठरवलं' ची ओळ जरूर वाचा. 'कारण ४५ मोठा' असं सरळ लिहिलेलं सापडतं.

मागच्या वेळी फळ्यावर सोडवलेलं का टिकलं नाही, याचं कारणही इथेच आहे. अशा तुलनेला आपण सगळेच एक सोपी युक्ती सांगतो : मागे शून्य लावून अंक सारखे करा. ०.६००, ०.४५०, ०.३५८, आता ६०० मोठा. उत्तर बरोबर येतं. पण मूल अजूनही ६००, ४५० आणि ३५८ या पूर्ण संख्याच पाहत असतं. त्याच्या चुकीच्या नियमाला आपण धक्का लावला नाही, उलट त्याच नियमाने बरोबर उत्तर मिळेल अशी सोय करून दिली. दोन दिवसांनी शून्य लावायचं विसरलं की चूक जागेवर. ही युक्ती वाईट नाही. फक्त ती शेवटी यायला हवी, कारण समजल्यानंतर.

आता तास. प्रत्येक मुलाला दोन्ही बाजूंना शंभर चौकटींचे दोन-दोन चौरस छापलेला कागद द्या, दहा उभ्या पट्ट्या आणि प्रत्येक पट्टीत दहा चौकटी. पूर्ण चौरस म्हणजे १, एक पट्टी म्हणजे एक दशांश, एक चौकट म्हणजे एक शतांश. मुलांनी हे आधी पाहिलेलं असलं तरी एक मिनिट देऊन पक्कं करा.

सुरुवातीला काही समजावू नका. फळ्यावर ०.६ आणि ०.४५ लिहा आणि मोठी कोणती ते वहीत लिहायला सांगा, पेनने, खोडायचं नाही. मग रंगवायला सांगा. पहिल्या चौरसात ०.६, दुसऱ्यात ०.४५. ज्या मुलांनी ०.४५ लिहिलं आहे त्यांच्यामागे जाऊन उभ्या राहा आणि हाताकडे पाहा. ०.६ साठी कुणी सहा पट्ट्यांऐवजी सहा चौकटी रंगवल्या, तर त्या मुलाची अडचण तुलनेच्या आधीची आहे; त्याला दशांश म्हणजे पट्टी हेच बसलेलं नाही. त्याच्याशी तिथल्या तिथे बोला. बाकीच्यांचा हात सहा पट्ट्या रंगवून दुसऱ्या चौरसात येईल, चार पट्ट्या आणि पाच चौकटींवर थांबेल आणि मग मूल वहीत स्वतःच लिहिलेल्या उत्तराकडे पाहील. तिथे घाई करू नका. 'मग मघाशी ०.४५ का लिहिलंस?' असं उलटतपासणीच्या सुरात नको. 'तुझ्या मनात काय आलं होतं?' एवढं पुरे. दोनतीन मुलं 'मला वाटलं ४५ मोठा' असं म्हणाली की चूक उघड्यावर आली. ती फळ्यावर त्यांच्याच शब्दांत लिहा, नाव न लिहिता.

मग ०.३५८. हे फळ्यावर मोठं काढून तुम्हीच करा. तीन पट्ट्या, पाच चौकटी, आणि पुढची एक चौकट घेऊन तिच्या दहा बारीक फाका. त्यांतल्या आठ रंगवा. ३५८ हा मोठा दिसणारा आकडा चौरसावर साडेतीन पट्ट्यांच्या किंचित पुढे येऊन थांबतो, छत्तिसावी चौकटसुद्धा पुरी भरत नाही. ज्या १६ जणांनी तो निवडला होता त्यांनी हे पाहणं गरजेचं आहे. त्यानंतर लगेच ०.३ आणि ०.७२ रंगवायला द्या, कागदाच्या मागच्या बाजूला. ही जोडी वगळलीत तर मुलं 'कमी अंकांची मोठी' असा नवा नियम घेऊन बाहेर पडतील, आणि मग एक गैरसमज काढून दुसरा दिल्यासारखं होईल. माझ्या मते दशांशांच्या उजळणीत सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट हीच आहे.

इथपर्यंत १८ मिनिटं गेली असतील. आता मुलांना विचारा की सहा पट्ट्यांत चौकटी किती. साठ. मग ०.६ ला ०.६० म्हणायला हरकत आहे का? शून्य लावायची युक्ती इथे आपोआप येते आणि कारणासकट येते. ०.५ आणि ०.५० ची जोडीही इथेच मिटते.

वाचनाचीही एक सवय याच वेळी बदला. वर्गात 'पॉइंट तीनशे अठ्ठावन्न' म्हटलं जातं, तुम्हीही घाईत म्हणत असाल. मुलाच्या कानावर तीनशे अठ्ठावन्नच पडतं. 'शून्य दशांश चिन्ह तीन पाच आठ' म्हणा, किंवा 'तीन दशांश, पाच शतांश, आठ सहस्रांश'. पुढचा महिनाभर तरी असंच वाचा आणि मुलांकडूनही वाचून घ्या.

पुढची दहा मिनिटं बेरजेची. २.४ + ०.३५ पुन्हा फळ्यावर आणा, पण सोडवू नका. एका मुलाचं उत्तर २.३९ आलं असं सांगा आणि विचारा : २.४ मध्ये दोन चौरस आणि चार पट्ट्या आधीच रंगलेल्या आहेत. त्यात आणखी रंग भरला. मग उत्तरात पट्ट्या चारच्या खाली जातील का? २.३९ मध्ये किती पट्ट्या आहेत? तीन. भर घातली आणि पट्ट्या कमी झाल्या, हे मुलांच्याच तोंडून येऊ द्या. चार पट्ट्या आणि तीन पट्ट्या सात, वर पाच चौकटी, म्हणजे २.७५. त्यानंतरच उभी मांडणी, चिन्हाखाली चिन्ह. नियम म्हणून सांगितलेली ही ओळ मुलं विसरतात. पट्टीखाली पट्टी आणि चौकटीखाली चौकट यायला हवी, हे पाहिलेलं असेल तर ०.५९ वाल्या तिघांनाही आपलं काय बिघडलं ते दिसेल. वेळ उरला तर वजाबाकीचं एक उदाहरण करा. ५.२ मधल्या रिकाम्या जागी चौकटी नाहीत, म्हणून एक पट्टी मोडून दहा चौकटी घ्याव्या लागतात. वेळ नसेल तर राहू द्या, १२ वा प्रश्न तुम्ही वेगळा देणारच आहात.

ज्यांना सगळं येतं त्यांचं काय, हा प्रश्न उरतोच. त्यांना शेजाऱ्याला शिकवायला बसवू नका. चुकणाऱ्या मुलाने स्वतः रंगवायचं आहे आणि हुशार शेजारी नेमकं तेवढंच करून टाकतो. त्यांना एक काम द्या : जास्त अंकांना मोठं मानणाऱ्या मुलाचं उत्तर बरोबर येईल अशा तीन जोड्या लिहा आणि चुकेल अशा तीन. हे वाटतं तेवढं सोपं नाही. ज्याने चुकीचा नियम आतून समजून घेतला त्यालाच ते जमतं. या जोड्यांतल्या चांगल्या तुम्हाला पुढच्या चाचणीतही वापरता येतील.

शेवटची सहासात मिनिटं चिठ्ठीसाठी राखून ठेवा, काही झालं तरी. 'समजलं का?' ला 'हो' येतं आणि त्यावरून काहीच कळत नाही. चिठ्ठीत चार प्रश्न : ०.२९४, ०.७, ०.५१ यांत सर्वांत मोठी, ०.२ आणि ०.६३ यांत मोठी, १.५ + ०.२७, आणि ३.०९ मधील ९ ची स्थानिक किंमत. चाचणीतलेच आकडे परत देऊ नका, नाहीतर स्मरणशक्तीची परीक्षा होईल. प्रत्येक प्रश्न असा निवडला आहे की चुकलं तर कशामुळे चुकलं ते उत्तरातूनच कळावं. पहिल्यात ०.२९४ आलं किंवा तिसऱ्यात १.३२ आलं, तर जुना नियम जिवंत आहे. दुसऱ्यात ०.२ आलं, तर उलटा नियम. १.७७ बरोबर.

तुमच्या पुढच्या चाचण्या पर्यायी उत्तरांच्या असल्या तर एक काळजी घ्या. चार पर्याय असतील तर नुसत्या अंदाजानेच साधारण चौथा हिस्सा मुलं बरोबर येतात. त्यामुळे ३६ पैकी नऊ जणांचं उत्तर बरोबर आलं, तर तो प्रश्न कुणालाच येत नाही असंही असू शकतं. आणि चुकीचे पर्याय असेच घाला की प्रत्येकामागे एखादी खरी चूक असेल. २.४ + ०.३५ ला २.३९, ०.५९ आणि २.७५ बरोबर चौथा पर्याय हवा म्हणून ८.१ घातलात, तर तो कुणी निवडला तरी तुम्हाला काही सांगणार नाही.

चिठ्ठीचा निकाल लागला की घाईने समाधान मानू नका. हा गैरसमज जुना असतो, मुलांनी कित्येक वर्षं पूर्ण संख्यांवर तो वापरून बरोबर उत्तरं काढलेली असतात. तासानंतर लगेच बरोबर आलेली मुलं आठवड्याने परत घसरतात. म्हणून पुढचा घटक सुरू करा, पण आठ दिवसांनी तासाच्या सुरुवातीला तीनच प्रश्न विचारा : ०.९ व ०.८८ यांत मोठी, ३.८ + ०.१५, आणि ६.३ − २.१८. बेरजेत ३.२३ आणि वजाबाकीत ४.२८ येतंय का ते पाहा. बरोबर उत्तरं ३.९५ आणि ४.१२.

त्या १८ जणांची नावं समोर ठेवून मोजा. चारपाच जण पुन्हा त्याच चुकीत असतील तर पूर्ण वर्गाला परत बसवू नका. त्या चारपाच जणांना घेऊन दहा मिनिटं रंगवायला बसा, कदाचित त्यांची अडचण पट्टी आणि चौकट यांतच आहे. निम्म्याहून जास्त परत चुकले तर तोच तास तसाच पुन्हा घेऊ नका, चौरसाने काम केलेलं नाही. मग संख्यारेषा घ्या : ० ते १ चे दहा भाग, एका भागाचे पुन्हा दहा, आणि त्यावर ०.६, ०.४५, ०.३५८ च्या जागा. मीटरपट्टीचा मोह होईल, पण ती जपून वापरा. ०.६ मीटर म्हणजे ६ सेंटीमीटर असं वाचणारी मुलं असतात आणि मीटर एक संख्या, सेंटीमीटर दुसरी, अशी जी फाळणी त्यांच्या डोक्यात आधीच आहे ती पट्टीमुळे आणखी पक्की होऊ शकते. पट्टी घ्यायचीच असेल तर आधी संख्यारेषेवर ०.६ ची जागा दाखवून घ्या आणि मगच तीच जागा पट्टीवर शोधायला सांगा.